पेपर न टाकता पगारवाढ: चाकणमधल्या एका क्वालिटी इंजिनिअरचं प्रकरण

मी पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांमध्ये बरीच वर्षं पगाराच्या स्ट्रक्चरचं काम करतोय, त्यामुळे ओळखीतली पोरं ऑफर लेटर आलं की मला फोटो पाठवतात आणि विचारतात की दादा, हे दाखवून इथे वाढ मागू का. बहुतेक वेळा प्रश्न वाढीचा नसतोच, बोलायचं कसं हा असतो. हे प्रकरण त्यातलंच एक. नाव बदललंय, कंपन्यांची नावं दिलेली नाहीत आणि आकडे थोडे गोल केलेत.

पार्श्वभूमी

अमोल म्हणू आपण त्याला. चाकणला ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी बघतो, एकूण अनुभव ७ वर्षं आणि या कंपनीत ४ वर्षं २ महिने. राहतो चिंचवडला. कंपनीची बस घराजवळून जाते, जेवण कँटीनमध्ये नाममात्र पैशात. सीटीसी ९ लाख, महिन्याचा ग्रॉस ६४ हजार, त्यात बेसिक ३२ हजार.

काम चांगलं होतं त्याचं. एका वर्षात त्याच्याकडच्या सप्लायरांचं रिजेक्शन १,८०० पीपीएमवरून ६०० च्या आसपास आणलेलं, म्हणजे दहा लाख पार्टमागे खराब निघणारे पार्ट एक तृतीयांश झाले, आणि कस्टमरकडून तक्रार आली की एट-डी, म्हणजे तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय मांडणारा रिपोर्ट लिहायला सगळे त्यालाच शोधायचे. पण गेल्या दोन एप्रिलमध्ये वाढ मिळाली ती सगळ्यांना मिळते तेवढीच, आणि मधल्या काळात बाहेरून घेतलेली माणसं त्याच्यापेक्षा कमी अनुभवावर जास्त पगारात आली. हे सगळीकडेच होतं. बाहेरच्या माणसाला बाजारभावाने घ्यावं लागतं आणि आतला माणूस मात्र दरवर्षीच्या ठराविक टक्क्यांवर चालत राहतो, चारपाच वर्षांत फरक उघड दिसायला लागतो.

दिवाळी झाल्यावर रांजणगावच्या एका कंपनीतून ऑफर आली. सीटीसी ११ लाख ७० हजार, पद सीनिअर इंजिनिअर. उत्तर द्यायला ७ दिवस.

अडचण काय होती

अमोलला जायचं नव्हतं. हे त्याने पहिल्याच फोनवर सांगितलं, आणि पुढचं सगळं त्यावरच ठरलं. ऑफर त्याने मुद्दाम दाखवायला म्हणून आणलेली नव्हती, कन्सल्टंटचा फोन आला, इंटरव्ह्यू दिला, झालं. पण आता हातात कागद होता आणि ३० टक्क्यांचा आकडा डोळ्यासमोर नाचत होता.

त्याच्या प्लांटमध्ये रूढ समज असा की पेपर टाकल्याशिवाय कोणी हलत नाही. आधी राजीनामा सिस्टिममध्ये टाकायचा, मग मॅनेजर बोलावतो, मग एचआर बोलावतं, मग आकडा वाढतो. दोघांना तशी वाढ मिळालेलीही होती. पण तिसऱ्याचा राजीनामा दुसऱ्या दिवशी सरळ मंजूर झाला होता हे कोणी सांगत नव्हतं, ते मी विचारल्यावर अमोलला आठवलं. ज्याला खरंच राहायचंय त्याने पेपर टाकून बोलणं सुरू करणं मला तरी पटत नाही, कारण त्या क्षणी बोलणं पगाराचं राहतच नाही, हा माणूस ठेवायचा की सोडायचा एवढंच उरतं आणि तो निर्णय भलत्याच टेबलावर होतो.

त्यात जानेवारीत आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे ऑटो कंपन्यांच्या क्वालिटी स्टँडर्डचं ऑडिट होतं. सप्लायरकडचा सगळा भाग अमोल सांभाळणार होता. म्हणजे त्याचं पारडं जड होतं, पण हे पारडं बोलून दाखवलं तर मॅनेजर सरांना ते अडवणूक वाटणार हेही तितकंच खरं.

ऑफरचा खरा हिशोब

साप्ताहिक सुट्टी त्यांच्या प्लांटला गुरुवारी. त्या गुरुवारी आम्ही दोघं बसलो आणि ऑफर लेटरची मागची पानं काढली, जिथे पगाराची फोड असते. पहिल्या पानावरच्या आकड्यावर बोलायला जाणं म्हणजे अर्धी बाजी तिथेच हरणं, कारण समोर एचआर बसलेलं असतं आणि त्यांना फोड वाचता येते.

११ लाख ७० हजारांत ६० हजार जॉइनिंग बोनस होता, तोही एका वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. १ लाख २० हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचा आणि आपला परफॉर्मन्स बघून मिळेल तेवढा. राहिले ९ लाख ९० हजार. त्यातून कंपनीचा पीएफ हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि मेडिक्लेमचा हप्ता असे साधारण ८४ हजार बाजूला काढले की महिन्याचा ग्रॉस येतो ७५,५००. म्हणजे ६४ हजारांवरून साडेअकरा हजार जास्त, १८ टक्के. ३० टक्के कागदावर होते.

मग रस्ता. चिंचवडहून रांजणगाव म्हणजे अख्खं पुणे ओलांडून नगर रोडला लागायचं, तिकडची बस मिळते वाघोलीपासून. वाघोलीपर्यंतचं पेट्रोल, गाडीची झीज आणि इकडचं नाममात्र पैशातलं जेवण धरून महिन्याला ४ हजार तरी जाणार होते, आणि रोजचे जवळपास दोन तास वेगळे.

सगळ्यात मोठी गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती, ती म्हणजे ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत ५ वर्षं सलग झाली की ती मिळते, तेव्हाच्या नियमाने हिशोब शेवटचा बेसिक, महागाई भत्ता असेल तर तोही, गुणिले १५ भागिले २६ गुणिले झालेली वर्षं. ३२ हजारांवर ५ वर्षांचे होतात साधारण ९२ हजार. अमोलला त्यासाठी अजून १० महिने काढायचे होते. आता सोडलं तर ते गेले, आणि जॉइनिंग बोनसचे ६० हजार ती जागा भरून काढत नाहीत.

हा हिशोब झाल्यावर त्याचा चेहरा जरा उतरला खरा, पण बोलायला जायच्या आधी तो उतरलेला बरा. आता त्याला कळलं की इथे ६८ हजार झाले तर राहणं फायद्याचं, आणि त्याच्या खाली असेल तर रांजणगावचा विचार खरंच करावा लागेल. ६८ हा आकडा फक्त त्याच्या डोक्यात ठेवायचा. मागायचे ७२.

कोणते मार्ग होते

पहिला मार्ग पेपर टाकायचा, तो वर आलाच आहे. दुसरा मार्ग ऑफरचं नावच न काढता एप्रिलची वाट बघणं, पण मग एप्रिलमध्ये तेच ठराविक टक्के आणि हातातली ऑफर तोवर गेलेली. तिसरा, थेट एचआरला मेल. तो मी तिथल्या तिथे बाद केला, कारण आपल्या माणसाला ऑफर आहे हे मॅनेजरला एचआरकडून कळलं तर तो दुखावतो आणि मग तुमची फाईल पुढे न्यायला कोणी राहत नाही. वाढ मंजूर प्लांट हेड आणि कॉर्पोरेट एचआर करतात, मान्य, पण ती मागणारा मॅनेजरच असतो.

चौथा मार्ग आम्ही घेतला. आधी सरांना भेटायचं, ऑफर आहे हे सरळ सांगायचं, राहायची इच्छा आहे हेही सांगायचं, आकडा सांगायचा आणि निर्णयासाठी त्यांना वेळ द्यायचा. त्याआधी एक काम मात्र केलं, रांजणगावच्या एचआरकडून वाढीव मुदत मागून घेतली. सरळ सांगितलं की घरच्यांशी बोलून ठरवायचंय, पुढच्या सोमवारपर्यंत वेळ द्या. दिला त्यांनी. ७ दिवसांत आपल्या प्लांटमध्ये कुठलीही फाईल हलत नाही, त्यामुळे ही मुदत वाढवून न घेता सरांकडे गेलो असतो तर मंगळवारपर्यंत सांगा असं म्हणावं लागलं असतं, आणि कितीही गोड बोललात तरी तो अल्टिमेटमच होतो.

आणि ऑफर स्वीकारायची नाही, तेवढं पक्कं. काही जण सेफ्टी म्हणून हो म्हणून ठेवतात आणि इकडे वाढ मिळाली की तिकडे जॉइनच होत नाहीत. चाकण, रांजणगाव, तळेगाव हा पट्टा लहान आहे, कन्सल्टंट तेच, क्वालिटीतली माणसं तीच, कस्टमरकडच्या मीटिंगला पुन्हा समोरासमोर येतात.

सरांशी बोलणं

इथे एक गोष्ट बिघडता बिघडता राहिली. बुधवारी बसमध्ये अमोलने शेजारच्या एकाला ऑफरबद्दल सांगितलं होतं, मित्र म्हणून. शुक्रवारी सकाळी शॉपवर उतरला तर प्रॉडक्शनचे एक साहेब हसत विचारतात, काय मग, रांजणगावला का? खरं तर सोमवारी बोलायचं ठरलं होतं, पण त्याने मला फोन केला आणि मी म्हटलं आजच बोल, दुपारच्या आत. त्याने रिजेक्शनच्या मीटिंगनंतर सरांकडे अर्धा तास मागितला.

बोलणं साधारण असं झालं.

"सर, एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची होती, बाहेरून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून आलो. मला एक ऑफर आलीये, लेखी आहे."

"म्हणजे जायचं ठरवलंयस?"

या प्रश्नाची तयारी आम्ही सगळ्यात जास्त केली होती, कारण इथे हो म्हटलं तर धमकी होते आणि अगदीच नाही म्हटलं तर मग आलायस कशाला असं होतं.

"नाही सर, ठरवलेलं नाही. माझी इच्छा इथेच राहायची आहे, ऑडिटचं कामही मी घेतलंय ते पूर्ण करणारच, या बोलण्यातून काहीही निघो. पण पगारातला फरक एवढा आहे की घरी मला तो बाजूला ठेवता येत नाहीये. त्यांना उत्तर द्यायच्या आधी इथे काय होऊ शकतं ते तुम्हाला विचारायचं होतं."

"किती देतायत?"

"ग्रॉस साडेपंच्याहत्तर, आणि सीनिअर इंजिनिअर. मी तेवढं मागत नाहीये सर, इथे बस आहे, घर जवळ आहे, हे मला कळतं. ७२ च्या जवळपास झालं तर माझ्यासाठी विषय संपला."

"कधीपर्यंत सांगायचंय त्यांना?"

"पुढच्या सोमवारपर्यंत. आधी मंगळवार होता, मी वाढवून घेतलाय. तुम्हाला कमी पडत असेल तर सांगा, अजून एकदा विचारून बघेन, देतील की नाही माहीत नाही."

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. तारीख लपवली तर सर उद्या म्हणतील की आधी का नाही सांगितलंस, पण तारीख तुमची म्हणून सांगितली तर ती अट होते. इथे तारीख तिसऱ्याची होती, खरी होती, आणि अमोल ती पुढे ढकलायला मदत करत होता, म्हणजे तो सरांच्या बाजूला बसून तारखेकडे बघत होता. ऑडिटचंही तेच. मी गेलो तर ऑडिटचं काय, हे त्याने म्हणायची गरजच नव्हती, सरांना ते त्याच्याआधी सुचलं असणार. उलट ऑडिट काहीही झालं तरी करून देतो म्हटल्यामुळे सरांना वर जाऊन सांगता आलं की पोरगा चांगला आहे, अडवत नाहीये.

त्याने सोबत एक पान नेलं होतं, पीपीएमचा आलेख आणि वर्षभरात पास करून घेतलेल्या पीपॅप, म्हणजे पार्ट मंजुरीच्या फाइल्सची यादी. ऑफर लेटर नेलं नव्हतं. बाकी सहकाऱ्यांचे पगार किती, हा विषय त्याने काढलाच नाही, तो काढला असता तर बोलणं त्या माणसांवर गेलं असतं.

सर म्हणाले, प्लांट हेड मंगळवारपर्यंत बाहेर आहेत, बुधवारी बोलतो. नाराज झाले का? थोडे झाले असावेत, अमोल म्हणाला की पहिली दोन मिनिटं ते पेनशी खेळत होते. पण जाताना म्हणाले, आधी सांगितलंस ते बरं केलंस.

एचआरकडे फाईल गेल्यावर

बुधवारी एचआरने बोलावलं आणि दोन गोष्टी निघाल्या.

एक, ऑफर लेटरची कॉपी दे. अमोलने दिली नाही. त्या लेटरवर गोपनीयतेचं कलम होतं, आणि आज तुम्ही दुसऱ्याचं लेटर इथे दिलंत तर उद्या इथलं तिकडे द्याल असंच समोरचा समजतो. त्याने ग्रॉस आणि पद तेवढं मेलवर लिहून दिलं आणि म्हणाला की पडताळायचं असेल तर कंपनीचं नाव झाकून फोडीचं पान समोर बसून दाखवतो. ते त्यांनी पाहिलं. म्हणून लेखी ऑफर नसताना हे बोलणं सुरू करू नये असं मी सगळ्यांना सांगतो, फोनवरच्या होकाराचं पान दाखवता येत नाही आणि आकडा फुगवलेला असेल तर इथेच पितळ उघडं पडतं.

दुसरी गोष्ट अवघड होती. एचआरमधला एक जण बाजूला घेऊन म्हणाला, अरे राजीनामा आल्याशिवाय रिटेन्शनची केस बनत नाही, तू टाक, आपण नंतर मागे घेऊ. वाईट हेतू नव्हता त्याचा, त्यांच्याकडे फॉरमॅटच तसा. अमोल डगमगला, मला संध्याकाळी फोन. मी म्हटलं, एकदा मंजूर झाला की मागे घेणं तुझ्या हातात नाही, ते कंपनीने मान्य करावं लागतं, शिवाय राजीनामा एकदा रेकॉर्डवर आला की एप्रिलच्या प्रमोशनच्या यादीत तुझ्या नावापुढे तोच लक्षात राहतो. रिटेन्शनची केस बनत नसेल तर पगार दुरुस्तीची बनते का ते विचार. बऱ्याच कंपन्यांत वर्षाच्या मधे पगार बदलायची ही वेगळी वाट असते, अनुभव आणि ग्रेडच्या मानाने माणूस खाली राहिलाय असं मॅनेजरने लिहून दिलं की ती उघडते. अमोलने सरांना तेवढंच विचारलं. नव्याने आलेल्यांचे पगार सरांना माहीत होतेच, त्यांनी ग्रेडच्या सरासरीखाली आहे असं कारण लिहून फाईल पाठवली, ऑफरचा उल्लेख फक्त एका ओळीत.

काय हाती आलं

शुक्रवारी लेटर आलं, ग्रॉस ६९ हजार, १ डिसेंबरपासून. मागितलेल्यापेक्षा ३ हजार कमी, त्याच्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा एक हजार जास्त. पद एप्रिलमध्ये बघू.

त्याने मला फोटो पाठवला तेव्हा तो खूश होता, आणि मला खालून दुसरी ओळ दिसली. पुढची पगार पुनर्रचना पुढच्या वर्षीच्या एप्रिलनंतरच्या एप्रिलमध्ये. म्हणजे येणारा एप्रिल कोरा. डिसेंबरमध्ये दिलेले ५ हजार हे एप्रिलची वाढ चार महिने आधी दिल्यासारखे झाले, आणि त्यानंतर सोळा महिने काहीच नाही. हे फार वेळा होतं आणि बहुतेकांना ते एप्रिलमध्ये कळतं.

त्याने चिडून मेल केला नाही. सरांकडे गेला आणि म्हणाला, सर, ही दुरुस्ती मागची तूट भरायला होती असं मी समजत होतो, येणारा एप्रिल नेहमीसारखा राहील ना? सरांना ती ओळ माहीत नव्हती, एचआरचा ठरलेला मजकूर होता. शनिवारी संध्याकाळी सुधारलेलं लेटर आलं, ती ओळ काढलेलं. मग त्याने सही केली, आणि सोमवारी सकाळी रांजणगावच्या एचआरला आधी फोन, मग दोन ओळींचा मेल. त्यांनी आकडा वाढवून द्यायची तयारी दाखवली, ती त्याने घेतली नाही, कारण सरांना विषय संपला असं सांगून झालं होतं.

ऑडिट पार पडलं. एप्रिलमध्ये नेहमीची वाढ मिळाली. पद मात्र एप्रिलमध्ये आलं नाही, जुलैमध्ये आलं, तेही दोनदा आठवण केल्यावर.

काय वेगळं करता आलं असतं

पदाचं बोलणं कच्चं राहिलं. पहिल्या भेटीत सगळा जोर ७२ वर होता आणि सीनिअर इंजिनिअर हे नुसतं उल्लेखापुरतं आलं. प्लांट हेडला पगारात ३ हजार कमी करायचेच होते, तेव्हा त्याच्या बदल्यात पदाची तारीख लेटरमध्ये मागायला जागा होती. एप्रिलमध्ये बघू हे तोंडी राहिलं की ते बघण्यातच जातं.

बसमधलं बोलणं टाळायला हवं होतं. यावेळी सर समजुतीचे होते म्हणून निभावलं, पण शुक्रवारी सकाळी प्रॉडक्शनच्या साहेबांनी अमोलऐवजी सरांनाच विचारलं असतं तर तो दिवसभर खुलासे देत बसला असता.

माझं आणखी एक मत आहे, अमोलला ते फारसं पटत नाही. सप्टेंबरच्या सहामाही रिव्ह्यूला हेच पीपीएमचं पान घेऊन त्याने पगाराचा विषय काढायला हवा होता, ऑफर नसताना. वाढ तेव्हा मिळाली नसती बहुतेक. पण सरांच्या कानावर विषय गेलेला असता, आणि नोव्हेंबरमधलं बोलणं जुन्याच मागणीचा पुढचा भाग वाटलं असतं. तो म्हणतो तेव्हा कोणी ऐकलं नसतं. असेल तसंही.

आणि ६८ पेक्षा कमी आलं असतं तर? त्याची तयारी त्या गुरुवारीच करून ठेवली होती. नोटीस पिरियड ६० दिवसांचा, सोमवारी ऑफर स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला असता तर शेवटचा दिवस ऑडिटनंतर पडत होता, म्हणजे दिलेला शब्दही पाळला जात होता. सरांना यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि सांगावं लागलंही नाही. पण घरी हा हिशोब पक्का होता म्हणूनच केबिनमध्ये त्याचा आवाज चढला नाही. हीच ऑफर दाखवून पुढची दोनेक वर्षं तरी पुन्हा मागता येणार नाही, हे त्याला मी त्याच दिवशी सांगितलं होतं. सप्टेंबरमध्ये त्याची ५ वर्षं पूर्ण झाली, आणि आता बेसिकही वाढलाय, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा आकडा ९२ हजारांच्या वर गेलाय.